रसवाल्याने बाग विकत घ्यावी काय?

फळप्रक्रियेच्या धंद्यात एक मत इतके रुजले आहे की ते मांडणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. रसाचा कारखाना काढायचा, तर बागही आपलीच हवी, असे ते मत. बँकेचा अधिकारी हेच सांगतो, सल्लागार प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर हेच लिहितो आणि संत्र्याचा भाव चढला की कारखानदारही हाच पश्चात्ताप बोलून दाखवतो. या मताचा प्रतिवाद करायचा आहे. मात्र ते मत दुबळे करून मांडले आणि मग पाडले, तर त्यात पुरुषार्थ नाही. म्हणून आधी ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

पूर्वपक्ष म्हणतो: रस काढण्याचे यंत्र, तापवण्याचे यंत्र, निर्जंतुक टाक्या यांत कोट्यवधी रुपये अडकतात आणि फळ नसेल तर त्या यंत्रांचा दुसरा उपयोग नाही. अशा वेळी फळ दुसऱ्याच्या हाती ठेवणे म्हणजे आपली मान दुसऱ्याच्या हाती देणे. बागायतदाराशी करार केला, तरी बाजारभाव चढताच तो माल व्यापाऱ्याला घालतो, आणि शंभर शेतकऱ्यांवर दावे लावत बसणारा कारखाना हंगाम गमावतो. फळ कधी तोडायचे, फवारणी कशाची, कीडनाशकाचे अंश किती, हे मालकाशिवाय कुणी ठरवू शकत नाही. शिवाय बाग म्हणजे विमाच. फळ महागले की कारखान्याचा नफा घटतो, पण बागेचा वाढतो, आणि एक हात दुसऱ्या हाताला सावरतो. शेवटी ब्राझीलचा दाखला दिला जातो. जगातला सर्वांत मोठा संत्रारस उद्योग तिथला, आणि कुट्राले, सिट्रोसुको, लुई ड्रेफस या त्याच्या तिन्ही आधारस्तंभांकडे स्वतःच्या प्रचंड बागा आहेत. जे सर्वांत मोठे आहेत ते मूर्ख आहेत काय?

युक्तिवाद भक्कम आहे. तो खरा आहे का, एवढेच पाहायचे.

प्रथम खर्च. कारण "घरचे फळ स्वस्त पडते" हे वाक्य या साऱ्या इमारतीचा पाया आहे. एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत, वाचकाने त्यांत आपल्या तालुक्याचे आकडे घालून पाहावेत. समजा, विदर्भात एका कारखान्याला हंगामात 6,000 टन संत्री लागतात आणि त्यातली निम्मी त्याला स्वतःच्या बागेतून हवी आहेत. एकरी 4 टन उत्पादन धरले, तर 750 एकर बाग लागेल. जमीन एकरी 8 लाख रुपये धरली, तर 60 कोटी रुपये गुंतले. त्यावर दहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज 6 कोटी. हे 6 कोटी 30 लाख किलो फळावर वाटा. झाडाला एक ओंजळ पाणी घालण्यापूर्वीच किलोमागे 20 रुपये चढले. खते, फवारणी, छाटणी, तोडणी, राखण यांचे एकरी 40 हजार धरले, तर आणखी 10 रुपये. घरचे फळ 30 रुपयांना पडले. रसासाठी जाणारे फळ बाजारात 12 रुपयांना मिळत असेल, त्या वर्षी हा कारखाना किलोमागे 18 रुपये मातीत घालतो आणि वर "आमचे फळ घरचे आहे" म्हणून समाधान मानतो.

यावर उत्तर ठरलेले असते: जमिनीचे व्याज कशाला धरता? जमिनीचा भाव वाढतोच की! वाढतो, मान्य. पण मग तो जमिनीचा धंदा झाला, रसाचा नव्हे. जमीन विकत घेऊन भाववाढीची वाट पाहणे हा एक स्वतंत्र, कदाचित फायद्याचा व्यवसाय आहे. त्याची वही वेगळी ठेवा आणि तो रसाच्या कारखान्याशिवायही करता येतो का, हे स्वतःला विचारा. करता येत असेल, तर कारखान्यासाठी बाग हवी या मुद्द्याला त्याने काय बळ मिळाले?

आता महागाईचे वर्ष घेऊ. भाव 35 रुपयांवर गेला, घरचे फळ 30 ला पडले, 5 रुपये वाचले. वाचले का खरेच? ते फळ कारखान्यात न घालता बाजारात विकले असते, तरी तेच 5 रुपये मिळाले असते. तो नफा बागेचा आहे. कारखान्याने 35 रुपयांचे फळ पिळले आणि बागेने त्याला 5 रुपयांची खिरापत वाटली, एवढाच या व्यवहाराचा अर्थ. अशी खिरापत अनेक कारखान्यांचा तोटा वर्षानुवर्षे झाकून ठेवते. रस किफायतशीर नाही हे मालकाला उशिरा कळते, कारण कमी भावाने लावलेले घरचे फळ ताळेबंदाला खोटा आधार देत राहते.

राहिला विम्याचा मुद्दा. पूर्वपक्षाचा हा सर्वांत बुद्धिमान मुद्दा आहे, म्हणून त्याला सर्वांत काळजीपूर्वक उत्तर दिले पाहिजे. फळ महागते का? बहुधा पीक बुडाले म्हणून. कुणाचे पीक? बाग कारखान्यापासून जवळ, त्याच पट्ट्यात, त्याच पावसात असेल, तर आपलेही. वरच्या उदाहरणात उत्पादन एकरी 4 टनांवरून 2 टनांवर आले, तर एकरी 1 लाख 20 हजारांचा खर्च 2,000 किलोंवर पडतो. घरचे फळ 60 रुपयांना, बाजार 35 ला. व्याज वगळून निव्वळ लागवडीचा खर्च धरला, तर घरचे फळ 20 ला पडते आणि पूर्वपक्ष जिंकतो, हेही सांगून टाकतो. पण मग तीन चतुर्थांश फळ बाहेरून 35 ला घ्यावेच लागते, आणि 60 कोटी फुकट मिळाले असे गृहीत धरावे लागते. संकट दूरच्या पट्ट्यात आले, तरच हा विमा कामाचा. आपल्या दारात आले, तर विमा उतरवलेले घर आणि विमा कंपनी एकाच आगीत जळतात.

हे कल्पनेचे खेळ नाहीत, फ्लोरिडात घडलेली गोष्ट आहे. 2003-04 च्या हंगामात फ्लोरिडाने सुमारे 24 कोटी 20 लाख पेट्या संत्री काढली. पेटी 90 पौंडांची, म्हणजे 41 किलोंच्या आसपास. 2005 साली तिथे सिट्रस ग्रीनिंग हा रोग आढळला. सायला नावाची बारीक कीड त्याचे जीवाणू झाडात सोडते. रोग लागलेले झाड महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून अधिक काळ, निरोगी दिसत राहते. मग एखाद्या फांदीवर पाने ठिगळासारखी पिवळी पडतात, फळे लहान आणि वाकडी होतात, बुडाशी हिरवी राहतात, गोडी कमी होते आणि तोडणीपूर्वीच गळतात. त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. त्यात 2022 मध्ये इयन चक्रीवादळ आले. 2024-25 मध्ये पीक 1 कोटी 20 लाख पेट्यांच्या आसपास उरले. वीस वर्षांत वीसातले एकोणीस हिस्से गेले.

या काळात बागेचा मालक कोण होता, याला महत्त्व आहे. ट्रॉपिकाना हा अमेरिकेतला संत्रारसाचा मोठा ब्रँड; तो बागा राखण्यापेक्षा फळ विकत घेण्यावर चालला. त्याला फळ पुरवणाऱ्यांत अलिको ही कंपनी आघाडीवर होती, आणि अलिकोकडे 50 हजार एकरांहून अधिक जमीन होती. 2025 च्या जानेवारीत अलिकोने जाहीर केले की हा हंगाम संपला की आपण संत्र्याची शेती सोडणार. तिने यापुढे कशावर भर द्यायचे ठरवले? जमिनीवर, आणि त्यातल्या काही भागाच्या नागरी विकासावर. म्हणजे बागायतदारालाही शेवटी जमिनीच्या वहीनेच तारले. ट्रॉपिकानाचे दिवस सुखात गेले, असा दावा मी करत नाही. फळ महागले, रस महागला, ग्राहक आटला. 2024 च्या अखेरीस संत्र्याच्या गोठवलेल्या घन रसाचा वायदेभाव पौंडाला 5 डॉलरवर गेला होता, आणि अशा भावाने फळ घेणारा कुणीही हसत नसतो. पण या कंपनीच्या खांद्यावर त्याच वेळी मरणाऱ्या झाडांची 50 हजार एकर जमीनही असती, तर तिची स्थिती बरी असती की बिकट? रस ब्राझीलहून आणि मेक्सिकोहून येऊ शकत होता. झाडे उपटून नेता येत नव्हती.

याहून बोलका दाखला फ्लोरिडाज नॅचरलचा. ही तर बागायतदारांची सहकारी संस्था. कारखाना बागेचा आणि बाग कारखान्याची, इतके संपूर्ण ऐक्य. केवळ फ्लोरिडाचीच संत्री वापरतो, ही तिची अभिमानाची घोषणा होती. 2022 मध्ये तिलाही बाहेरचा रस मिसळावा लागला. मालकीने पुरवठा सुरक्षित होत असेल, तर इथे का झाला नाही?

नियंत्रणाच्या मुद्द्याकडे वळतो, कारण पूर्वपक्ष इथे "गुणवत्ता" हा शब्द ढालीसारखा धरतो. रसाची गुणवत्ता झाडावर अर्धीच ठरते. उरलेली अर्धी टाकीत ठरते. संत्रारसात गोडी आणि आंबटपणा यांचे गुणोत्तर सांभाळायचे असते, आणि ते एका बागेतून, एका आठवड्यात तोडलेल्या फळातून साधत नाही. फ्लोरिडात हॅमलिन लवकर तयार होतो, पण त्याचा रस फिका. व्हॅलेन्सिया वसंतात येतो आणि रंग देतो. ब्राझीलमध्ये हॅमलिन, पेरा, व्हॅलेन्सिया, नाताल अशा जाती एकामागून एक येतात. कुशल रसवाला या सगळ्यांचे मिश्रण करून वर्षभर एकच चव राखतो. त्याला अनेक जाती, अनेक पट्टे, अनेक तोडण्या हव्या असतात. एकाच ठिकाणची स्वतःची बाग त्याला नेमके हेच देऊ शकत नाही.

आणि शिस्त लावायला मालकीच लागते, हेही खरे नाही. फ्लोरिडात रसाच्या संत्र्याचा भाव वजनावर ठरत नाही. त्यातून निघणाऱ्या विद्राव्य घनपदार्थांच्या पौंडांवर ठरतो. प्रत्येक ट्रकमधून नमुना घेतला जातो, पिळला जातो, मोजला जातो. पाणचट फळाला कमी पैसे, पक्व फळाला जास्त. या एका मोजमापाने बागायतदार तोडणीची वेळ आपणहून सांभाळतो. जे काम मालकाचा मुकादम ओरडून करतो, ते इथे पावती गुपचूप करते.

करारभंगाचे काय? इथे पूर्वपक्षाचा अनुभव खरा आहे, करार मोडतातच. पण ते कोणते करार मोडतात, हे पाहिले पाहिजे. हंगामाआधी एकच भाव पक्का केलेला करार मोडतो, कारण भाव चढला की तो शेतकऱ्याला लुबाडतो आणि पडला की कारखान्याला. मोडणे हीच त्याची नैसर्गिक गती आहे. फ्लोरिडातले बहुवर्षीय करार तळभाव आणि कमाल भाव ठरवून, मधला भाव बाजाराशी जोडून केलेले आढळतात. मंदीत शेतकऱ्याला तळ मिळतो, तेजीत कारखान्याला छत. दोघांनाही पळून जाण्याचे कारण कमी उरते. वाईट करार मोडला म्हणून 60 कोटींची जमीन घ्यायची, हा इलाज रोगापेक्षा महाग आहे.

आता ब्राझील. हा दाखला टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तिथल्या कंपन्यांच्या बागा आहेत आणि त्यांना एक फायदाही आहे, जो पूर्वपक्ष सहसा सांगत नाही, मीच सांगतो. सायला बागेच्या कडेवरून आत शिरते. बाग जितकी मोठी आणि सलग, तितका कडेचा हिस्सा कमी. म्हणून ग्रीनिंगविरुद्ध विस्तीर्ण बाग लहान बागेपेक्षा अधिक टिकते. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचा निष्कर्ष काय? 2024 च्या पाहणीत साओ पावलो आणि मिनास जेराइस यांच्या संत्रापट्ट्यातली सुमारे 44 टक्के झाडे रोगट निघाली. मोठ्या मालकांनाही कुंपणापलीकडची, शेजाऱ्यांच्या परसातली, सोडून दिलेल्या बागांतली झाडे काढण्यासाठी लोकांच्या विनवण्या कराव्या लागतात. कीड सात-बारा वाचत नाही. शेजाऱ्याशी सहकार्य शेवटी करावेच लागते. मालकी ते वाचवत नाही.

शिवाय त्या बागा कशासाठी आहेत, याबद्दल ब्राझीलचे बागायतदार वेगळीच साक्ष देतात. त्यांचे म्हणणे असे की स्वतःचे फळ हाताशी असले, की कंपनी खरेदीची घाई करत नाही. बाहेरच्या शेतकऱ्याला थांबवून भाव पाडते. तिथल्या स्पर्धा नियामकाने फळखरेदीतल्या संगनमताची वर्षानुवर्षे चौकशी केली आणि 2016 मध्ये कंपन्यांनी सुमारे 30 कोटी रेआल भरून ते प्रकरण मिटवले. म्हणजे बागेचा एक उपयोग निश्चित आहे: वाटाघाटीतली काठी. पण ती काठी तीन कंपन्यांनी बाजार व्यापलेला असताना चालते. काटोल किंवा वरुडच्या एका कारखान्याने हे शस्त्र उचलले, तर तो कुणाला घाबरवणार? समोर खाण्याच्या फळाचा अख्खा बाजार उभा आहे.

हाच विदर्भाचा मूळ फरक आहे, आणि पूर्वपक्षाने ब्राझीलचा नकाशा नागपूरवर ठेवताना तो पाहिलेलाच नाही. फ्लोरिडात आणि साओ पावलोत संत्र्याचा फार मोठा हिस्सा रसासाठीच पिकतो. नागपुरी संत्रा खाण्यासाठी पिकतो. आंबिया बहाराचा असो की मृगाचा, चांगल्या रंगाचा, मोठा, सोलायला सोपा माल व्यापारी उक्ता सौदा करून नेतो. कारखान्याच्या वाट्याला येते ती चुरी, म्हणजे बारीक आणि डागी फळ. आता 750 एकरांचा मालक झालेला कारखानदार काय करील? बाजारात महाग विकला जाणारा माल यंत्रात घालील? मग तो रसाचा धंदा नव्हे, आत्मघात. चांगला माल विकून चुरी पिळेल? मग त्याने पेट्या, प्रतवारी, मंडी आणि निर्यात असा एक दुसराच धंदा अंगावर घेतला, आणि यंत्राला फळ मात्र निम्मेही मिळाले नाही. शिवाय नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर काही वेळाने कडवट होतो, हा त्रास वेगळाच. ज्या फळाची पहिली बाजारपेठ रस नाही, त्याची बाग रसासाठी घेणे म्हणजे खर्च पूर्ण आणि उपयोग उष्टा.

कायद्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात 1961 च्या जमीनधारणा कायद्याने बारमाही बागायतीला 18 एकर आणि कोरडवाहूला 54 एकरांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि कुळकायद्याने बिगरशेतकऱ्याच्या जमीनखरेदीवर बंधने घातली आहेत. 750 एकरांची सलग बाग कारखान्याच्या नावावर होणार कशी? खंडाने घ्या, असा सल्ला दिला जातो. ज्यांना हा सल्ला सोपा वाटतो, त्यांनी खाजगी साखर कारखान्यांचा इतिहास वाचावा. त्यांनी उसासाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेतल्या होत्या. उसाची गोष्ट संत्र्याहून बळकट होती: तोडलेला ऊस लगेच गाळला नाही, तर साखर उतरते, त्यामुळे शेजारचे शेत हाती असण्याला खरेच अर्थ होता. तरीही कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या जमिनी सरकारकडे आल्या, 1963 मध्ये शेती महामंडळ उभे राहिले आणि खंडकरी शेतकरी आपल्या जमिनी परत मागत पिढ्यान्‌पिढ्या झगडत राहिले. त्याच काळात प्रवरानगरचा सहकारी कारखाना उलट दिशेने वाढला: कारखान्याने शेत घेतले नाही, शेतकऱ्यांनी कारखाना घेतला. महाराष्ट्रात टिकला तो नमुना हा. याचा अर्थ संत्र्यासाठीही सहकारच, असे मी म्हणत नाही. पण मालकी बागेकडे झुकावी की कारखान्याकडे, हा प्रश्न आपण एकदा सोडवून बसलो आहोत.

मग कारखान्याने एकही झाड लावू नये काय? लावावे, आणि तिथे पूर्वपक्षाचा एक मुद्दा मी उचलून घेतो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने रसासाठी कटर व्हॅलेन्सिया या गोड संत्र्याची शिफारस केली आहे. ही जात विदर्भातला शेतकरी आपणहून का लावील? रोपे लावल्यापासून चार-पाच वर्षे हाती काही नाही, नंतरही ते फळ नागपुरी संत्र्यासारखे सोलून खायला बाजारात चालणार नाही, आणि घेणारा कारखाना एकच. त्या एका गिऱ्हाइकाने पाचव्या वर्षी भाव पाडला, तर झाडे उपटावी लागतील. हे भय शहाणपणाचे आहे. एकाच गिऱ्हाइकासाठी दीर्घकाळ अडकणारी गुंतवणूक दुसऱ्याने करावी, अशी अपेक्षा करणारा कारखानदार स्वतः आधी काहीतरी गुंतवून दाखवील, तरच शेतकरी हलेल.

म्हणून चाळीस-पन्नास एकर पुरेत. तेही कायद्याच्या मर्यादेत बसावेत म्हणून भागीदार शेतकऱ्यांच्या नावांवर असावेत. त्या बागेकडून कारखान्याचे पोट भरण्याची अपेक्षा धरू नये. तिचे काम वेगळे: ओलित किती लागते, डिंक्या किती येतो, सायलाचा पहिला थवा कोणत्या आठवड्यात दिसतो, फळ कोणत्या तारखेला गोडी-आंबटपणाचे योग्य गुणोत्तर गाठते आणि या सगळ्याचा एकरी खरा खर्च किती, हे कारखान्याने स्वतःच्या वहीत लिहावे. ज्याला पिकवण्याचा खरा खर्च माहीत आहे, त्याला तळभाव ठरवताना शेतकरी फसवू शकत नाही आणि तोही शेतकऱ्याला फसवू शकत नाही. उरलेल्या लागवडीसाठी कारखान्याने रोपे द्यावीत, पहिल्या चार वर्षांचा खर्च उचल म्हणून द्यावा, दहा वर्षांचा तळभाव लेखी बांधावा आणि प्रत्येक गाडीचा नमुना शेतकऱ्यासमोर पिळून त्याच्या विद्राव्य घनपदार्थांवर पैसे द्यावेत. 60 कोटींच्या जमिनीऐवजी यातला निम्मा पैसा घन रसाच्या साठ्यात घालावा. एक टन घन रसाला साधारण दहा ते बारा टन संत्री लागतात, आणि स्वस्ताईच्या वर्षी भरलेली ती टाकी महागाईच्या वर्षी जो आधार देते, तो रोगट बाग देत नाही.

"बाग स्वतःचीच हवी" म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न उरतो, आणि त्यांनी त्याचे उत्तर वाचकांसमोर द्यावे. तुमच्या बागेच्या फळाला कारखान्याच्या वहीत तुम्ही कोणता भाव लावता? बाजारभाव लावत असाल, तर बाग असण्याने रस स्वस्त झाला असे म्हणता येणार नाही. त्याहून कमी लावत असाल, तर तो फरक बागेच्या वहीत कुणाच्या नावे लिहिला आहे?